वर्गणी नव्हे, व्यवहार

दिवाळीचे वहीपूजन आटोपते, ज्ञानपंचमीला दुकानांचे व्यवहार नव्याने सुरू होतात, आणि थंडीची चाहूल लागते न लागते तोच बाजारपेठेत तरुण मुलांचे घोळके फिरू लागतात. एकाच्या हातात पत्रांचा गठ्ठा असतो, दुसऱ्याच्या हातात पावतीपुस्तक. गल्लीतल्या क्रिकेट स्पर्धेचे दिवस जवळ आलेले असतात. पत्र गल्ल्यावर ठेवले जाते. दुकानदार ते न उघडताच विचारतो, "किती लिहू?" मुलेही तितक्याच सवयीने म्हणतात, "काका, आपल्या मनाला येईल ते." पाचशे एक रुपयांची पावती फाटते. दुकानदाराच्या मनात येते, चला, एवढ्यावर सुटलो. मुले पायरी उतरताना म्हणतात, एवढे मोठे दुकान आणि पाचशेच!

दोन्ही बाजूंच्या या नाराजीचे मूळ त्या न उघडलेल्या पत्रात असते. पत्राच्या माथ्यावर 'प्रायोजकत्वासाठी विनंती' असे छापलेले असते, पण आत मागितलेली असते ती वर्गणी. या दोन शब्दांत फार मोठे अंतर आहे. वर्गणी देणारा परतफेडीची अपेक्षा ठेवत नाही. तो शेजारधर्म पाळतो आणि विसरून जातो. प्रायोजक मात्र काहीतरी विकत घेत असतो. दुकानाचे नाव अमुक ठिकाणी, अमुक दिवस, अमुक लोकांसमोर यावे, याची तो किंमत मोजतो. विकत घेण्याची वस्तू कोणती हेच पत्रात लिहिलेले नसेल, तर ज्याने आयुष्यभर मापून विकले तो व्यापारी न मापलेली वस्तू कशी घेईल?

मध्यम आकाराच्या एखाद्या शहरातली बाजारपेठ उदाहरणासाठी डोळ्यांसमोर आणावी. कापड, भांडी, चपला, औषधे, मिठाई, किराणा अशी साठ-सत्तर दुकाने. मागच्या वस्तीत राहणारी, बहुतेक याच दुकानांतल्या घरांची मुले. आणि वस्तीच्या टोकाला नगरपालिकेचे मैदान. मुलांनी टेनिस चेंडूवरील स्पर्धा भरवण्याचे ठरवले आणि पत्र छापले. पत्रात तीन परिच्छेद होते. पहिल्यात खेळाचे महत्त्व, दुसऱ्यात युवाशक्तीचे कौतुक, आणि तिसऱ्यात एकच कामाचे वाक्य: 'हजारो प्रेक्षकांसमोर आपल्या व्यवसायाच्या जाहिरातीची सुवर्णसंधी.' तीन संध्याकाळी बावीस दुकाने फिरून चौदा हजार रुपये जमले.

तेविसावे दुकान भांड्यांचे होते. समितीतल्या एका मुलाचे काकाच गादीवर बसले होते. त्यांनी पत्र उघडले, चष्मा लावला आणि पेन्सिल घेऊन शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढली. मग शांतपणे विचारले, "माझे नाव कुठे लागणार आणि किती दिवस? ते कोण पाहणार? माझ्या नावाशेजारी कोणाचे नाव असेल? पैसे कशाला लागणार, आणि पावती कोणत्या खात्यावर देणार? आणि स्पर्धा झालीच नाही तर?"

मुलांजवळ एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. पुतण्या किंचित रागावून म्हणाला, "काका, तुम्ही तर घरचे!" काका म्हणाले, "घरचा आहे म्हणूनच विचारतोय. बाहेरचा विचारत नाही, पाचशे देऊन वाटेला लावतो. उत्तरे घेऊन या, मग बोलू."

आधी खर्च, मग मागणी

मुले परत गेली आणि प्रथमच कागद घेऊन बसली. पहिले काम होते स्पर्धेचा आकार ठरवण्याचे, कारण बाकी सर्व आकडे त्यातूनच निघतात. सोळा संघ, बाद पद्धत, प्रत्येक डाव सहा षटकांचा. बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यातून एक संघ बाहेर पडतो, म्हणून सोळा संघांना पंधरा सामने लागतात. डावांमधला वेळ धरून एक सामना साधारण तासाभरात उरकतो. पहिल्या शनिवारी चार आणि रविवारी चार असे पहिल्या फेरीचे आठ सामने. पुढच्या शनिवारी उपउपांत्य फेरीचे चार. शेवटच्या रविवारी दोन उपांत्य आणि एक अंतिम. सकाळी नऊला सुरुवात केली की दुपारी दीडपर्यंत दिवस संपतो. प्रकाशझोतांचा खर्च नाही, रात्रीच्या ध्वनिक्षेपकाचा प्रश्न नाही, आणि दुकानांतली मुले दुपारनंतर गल्ल्यावर परत बसू शकतात.

मग खर्च मांडला. मैदानाचे भाडे, दोन पंच आणि एक गुणलेखक यांचे चार दिवसांचे मानधन, मांडव आणि ध्वनिक्षेपक, प्रत्येक डावाला नवा या हिशेबाने तीस आणि हरवतील म्हणून आणखी दहा चेंडू, चषक, पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचार, फलकांची छपाई, आणि विजेता व उपविजेता मिळून बत्तीस हजारांची बक्षिसे. बेरीज एक लाख दहा हजारांवर गेली. सोळा संघांकडून प्रत्येकी अडीच हजार प्रवेश शुल्क घेतले तर चाळीस हजार येतात. उरले सत्तर हजार. बाजारपेठेकडे मागायची रक्कम ही होती. 'जमेल तेवढे' मागणाऱ्याने आपल्याला किती हवे याचा विचारच केलेला नसतो, आणि देणाऱ्याला ते लगेच कळते.

याच टप्प्यावर एक मोह टळला. एकाने सुचवले होते की मुख्य प्रायोजकाचे नाव सर्व खेळाडूंच्या टी-शर्टवर छापू. ऐकायला छान वाटले. पण एका संघात अकरा खेळाडू आणि चार राखीव धरले तर सोळा संघांचे दोनशे चाळीस खेळाडू होतात. दोनशे रुपयांचा साधा टी-शर्ट धरला तरी अठ्ठेचाळीस हजार! मुख्य प्रायोजकाकडून मागायचे होते पंचवीस हजार. म्हणजे त्याला दिलेल्या लाभाची किंमत त्याच्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट झाली असती. अशा पत्रांतली बरीच आश्वासने याच कारणाने बुडतात. लिहिताना त्यांचा खर्च कोणी काढलेला नसतो, आणि स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तो अचानक समोर उभा राहतो.

मोजता येईल तेवढेच लिहावे

'हजारो प्रेक्षक' हे शब्द खोडायचे ठरले. त्यांच्या जागी काय लिहायचे? गल्लीतल्या स्पर्धेला तिकीट नसते, त्यामुळे प्रेक्षकांची मोजदाद होत नाही. पण जे मोजता येते ते कमी नाही. दोनशे चाळीस खेळाडूंची नावे प्रवेशअर्जांवर लिहिलेली असतात. त्यांतले बहुतेक आसपासच्या वस्त्यांतले, म्हणजे या दुकानांच्या पायरीवर खरोखर येऊ शकतील असे. सामने पंधरा. प्रत्येक सामन्याच्या आरंभी एकदा आणि दोन डावांच्या मध्ये एकदा समालोचकाने प्रायोजकांची नावे वाचली तर तीस घोषणा होतात. फलक किती फुटांचा, कुठे, आणि चार दिवसांत किती तास उभा राहील, हेही सांगता येते. दुकानदाराला मोठा आकडा नको असतो; स्पर्धा संपल्यावर पडताळून पाहता येईल असा आकडा त्याला हवा असतो.

प्रायोजकांचे वर्गही यातूनच ठरले. मुख्य प्रायोजक एकच, पंचवीस हजारांचा. स्पर्धेला त्याच्या दुकानाचे नाव. स्पर्धेचे दिवस चार, म्हणून दिवसाचे प्रायोजकही चार, प्रत्येकी साडेसात हजारांचे. त्या दिवशीच्या सर्व सामनावीरांना बक्षीस देण्याचा मान त्या दुकानाचा. आणि सीमारेषेवरचे दहा फलक, प्रत्येकी दीड हजारांचे. पंचवीस, तीस आणि पंधरा मिळून सत्तर हजार.

संख्येला घातलेली ही मर्यादा म्हणजे पत्रातला सर्वांत मोलाचा लाभ होय, आणि तोच बहुधा मोडला जातो. पैसे कमी पडू लागले की दुसरा 'मुख्य' प्रायोजक निघतो, त्याला 'सहमुख्य' म्हणतात, आणि सीमारेषेवर दहाच्या जागी पंचवीस फलक एकमेकांना झाकत उभे राहतात. पहिल्या दुकानदाराने विकत घेतलेली वस्तू अशा वेळी त्याला न सांगता निम्मी झालेली असते. तोच प्रश्न शेजारच्या नावाचा. भांड्यांचे एक दुकान मुख्य प्रायोजक असताना भांड्यांच्याच दुसऱ्या दुकानाचा फलक लागला, तर दोघांनाही ते रुचत नाही. म्हणून वरच्या दोन वर्गांत एका धंद्याचे एकच दुकान, असा नियम समितीने केला. तंबाखू, गुटखा, मद्य आणि सट्टेबाजी यांच्या जाहिराती कोणत्याही वर्गात घ्यायच्या नाहीत, हेही तिथेच ठरले. तंबाखूच्या पदार्थांची जाहिरात आणि प्रायोजकत्व २००३ च्या कायद्याने तसेही निषिद्ध आहे. पण काकांचा प्रश्न कायद्यापेक्षा जवळचा होता. आपल्या आजोबांचे नाव असलेला फलक कोणाच्या शेजारी उभा राहणार, हे पैसे देण्याआधी कळायला हवे.

फलकांबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. उत्साहाच्या भरात मुले चौकात, विजेच्या खांबावर, रस्त्याच्या दुभाजकावर फलक बांधतात. परवानगीशिवाय लावलेल्या अशा फलकांवर पालिका कारवाई करते, आणि मुंबई उच्च न्यायालयानेही अशा फलकांबद्दल वेळोवेळी कठोर भूमिका घेतली आहे. फलकावर नाव मंडळाचे असते तसेच दुकानाचेही असते, त्यामुळे विचारणा दुकानाकडेही होऊ शकते. म्हणून पत्रात 'फलक फक्त मैदानाच्या आवारात' असे स्पष्ट लिहिलेले असावे. शहरभर फलक लावण्याचे आश्वासन हा लाभ म्हणून घेऊ नये. तो धोका आहे.

पत्र असे उतरले

एवढी तयारी झाल्यावर पत्राला एक पानच पुरले. ते असे:

> प्रति,
> मा. संचालक,
> (दुकानाचे नाव), बाजारपेठ
>
> विषय: टेनिस चेंडू क्रिकेट स्पर्धेचे प्रायोजकत्व
>
> स. न. वि. वि.
>
> आमच्या मंडळातर्फे जानेवारीतील दुसऱ्या व तिसऱ्या शनिवार-रविवारी, सकाळी ९ ते दुपारी १.३० या वेळेत, नगरपालिकेच्या मैदानावर १६ संघांची स्पर्धा होत आहे. मैदानाची लेखी परवानगी मिळाली असून तिची प्रत सोबत जोडली आहे. एकूण १५ सामने होतील व सुमारे २४० खेळाडू भाग घेतील.
>
> अपेक्षित खर्च १,१०,००० रुपये असून त्यापैकी ४०,००० रुपये प्रवेश शुल्कातून जमतील. उरलेल्या ७०,००० रुपयांसाठी पुढील तीन प्रकारचे प्रायोजकत्व ठेवले आहे.
>
> मुख्य प्रायोजक (एकच) – २५,००० रुपये. चषकावर व सर्व छापील साहित्यावर दुकानाचे नाव. व्यासपीठामागे २० × १० फुटांचा फलक. ३० घोषणांत प्रथम उल्लेख. अंतिम बक्षीस समारंभ आपल्या हस्ते.
>
> दिवसाचे प्रायोजक (चार) – प्रत्येकी ७,५०० रुपये. त्या दिवशी प्रवेशद्वारावर फलक. त्या दिवसाच्या प्रत्येक सामन्यात दोन घोषणा. सामनावीराची बक्षिसे आपल्या हस्ते. सर्व खेळाडूंना आपल्या दुकानाचे सवलतपत्र वाटण्याची सोय.
>
> सीमारेषा फलक (दहा) – प्रत्येकी १,५०० रुपये. ६ × ३ फुटांचा फलक, चारही दिवस.
>
> पहिल्या दोन प्रकारांत एका व्यवसायाचे एकच दुकान घेतले जाईल. तंबाखू, मद्य व सट्टा यांच्या जाहिराती घेतल्या जाणार नाहीत. सर्व फलक मैदानाच्या आवारातच लावले जातील. रकमेऐवजी वस्तू दिल्यास खरेदी बिलाची किंमत धरली जाईल.
>
> रक्कम मंडळाच्या बँक खात्यातच स्वीकारली जाईल. स्पर्धा सुरू होण्यापूर्वी रद्द झाल्यास पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत केली जाईल; मध्येच थांबल्यास न झालेल्या दिवसाच्या प्रायोजकाची रक्कम परत केली जाईल. स्पर्धेनंतर १५ दिवसांत जमाखर्च व आपल्या फलकाची छायाचित्रे आपणांस पोहोच केली जातील.
>
> आपला होकार १५ डिसेंबरपर्यंत कळवावा, ही विनंती.
>
> कळावे,
> आपले नम्र,
> अध्यक्ष व खजिनदार

पत्रात खेळाच्या महत्त्वावर एकही वाक्य नाही. ते दुकानदाराला ठाऊकच असते. त्याचाच मुलगा तिसऱ्या क्रमांकावर फलंदाजीला येतो. परवानगीचा उल्लेख मात्र पहिल्याच परिच्छेदात आहे, कारण मैदान हातात येण्याआधी पैसे गोळा करणे हा अशा स्पर्धांचा नेहमीचा अपघात. तारीख ठरते, पत्रके वाटली जातात, आणि मग कळते की त्याच दिवशी मैदान दुसऱ्याच कार्यक्रमाला दिले आहे.

पत्र देण्याची वेळही मुलांनी बदलली. संध्याकाळी सात वाजता, गिऱ्हाईक उभे असताना, सहाजणांनी दुकानात शिरणे म्हणजे मागणे नव्हे, अडवणे होय. आता दोघेच जात, दुपारी तीनच्या सुमारास, गल्ला शांत असताना. पत्र देत आणि म्हणत, "काका, घाई नाही. वाचून ठेवा, शुक्रवारी येऊ." नाही म्हणायला जागा ठेवली, की हो म्हणणाऱ्याचा होकार पक्का असतो.

वहीत कुठे लिहायचे?

काकांचा उरलेला प्रश्न पावतीचा होता, आणि त्याचे उत्तर प्रत्येक पेढीने स्वतःपुरते काढायला हवे. देणगी म्हणून रक्कम दिली, तर आयकरात तिची सवलत मिळण्यासाठी घेणाऱ्या संस्थेजवळ त्यासाठीची मान्यता असावी लागते. व्यापाऱ्यांत ती अनेक वर्षे '८०जी' या नावाने ओळखली गेली. गल्लीतल्या मंडळाजवळ ती सहसा नसते. प्रायोजकत्वाचे तसे नाही. दुकानाच्या नावाची जाहिरात झाली असेल, तर तो धंद्याचा जाहिरात खर्च ठरतो आणि नफ्यातून वजा करता येतो. त्यासाठी वहीला पुरावा लागतो: हे पत्र, 'प्रायोजकत्व शुल्क' असे लिहिलेली पावती, आणि फलकाचे छायाचित्र. पावतीवर 'देणगी' किंवा 'वर्गणी' असे छापलेले असेल, तर पुढे तो जाहिरात खर्च होता हे पटवून देणे कठीण जाते. रोखीचीही मर्यादा आहे. एका दिवशी एकाच व्यक्तीला वा संस्थेला दहा हजारांपेक्षा अधिक रोख दिली, तर तो खर्च वजावटीला धरला जात नाही. म्हणून पंचवीस हजार धनादेशाने किंवा बँकेतूनच द्यावेत, आणि तेही मंडळाच्या खात्यात. खजिनदार असलेल्या मुलाच्या मोबाइलवर पाठवलेली रक्कम वहीत मंडळाची दिसत नाही.

भागीदारी पेढ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. प्रायोजकत्व ही जीएसटीच्या दृष्टीने सेवा आहे. नोंदणीकृत भागीदारी पेढी, एलएलपी किंवा कंपनी अशा मंडळाकडून ही सेवा घेते, तेव्हा कर मंडळाने नव्हे, तर पेढीने स्वतःच सरकारला भरायचा असतो. याला उलट आकारणी म्हणतात. दर अठरा टक्के. म्हणजे पंचवीस हजारांच्या प्रायोजकत्वावर साडेचार हजार वेगळे, आणि त्यासाठी पेढीने स्वतःच्या नावे बिल तयार करून ठेवायचे. नियमित करदात्याला हा कर पुढे जमा म्हणून मिळू शकतो, म्हणून खरा बोजा राहत नाही; कंपोझिशन योजनेतल्या दुकानाला मात्र तो मिळत नाही. एकल मालकीच्या दुकानाला ही उलट आकारणी लागू नाही. मान्यताप्राप्त क्रीडा महासंघांच्या काही स्पर्धांना यात सूट आहे, पण गल्लीतली स्पर्धा तीत बसत नाही. होकार देण्याआधी आपल्या सनदी लेखापालाला हे पत्र दाखवून घ्यावे. पाच मिनिटांचे काम असते.

शेवटी हाती काय येते?

या पत्राने सगळेच प्रश्न सुटतात असे मानू नये. लाभाचा हिशेब मांडला तर तो कसा दिसतो, हे चपलांच्या दुकानाच्या उदाहरणावरून पाहावे. त्यांनी एका दिवसाचे प्रायोजकत्व घेतले आणि दोनशे चाळीस सवलतपत्रे वाटली. प्रत्येक खरेदीवर शंभर रुपये सूट. मार्चअखेर गल्ल्यात परत आलेली सवलतपत्रे मोजली, तर ती एकतीस भरली. सरासरी खरेदी नऊशेची धरली, तर विक्री झाली सत्तावीस हजार नऊशेची. पंचवीस टक्के नफा धरला तर सहा हजार नऊशे पंच्याहत्तर. त्यातून सुटीचे एकतीसशे वजा जाता उरले तीन हजार आठशे पंच्याहत्तर. दिले होते साडेसात हजार. म्हणजे खर्च केलेला रुपया पहिल्या तीन महिन्यांत निम्माच परत आला.

हा आकडा समितीने लपवू नये आणि दुकानदाराने त्याला घाबरू नये. त्या एकतीस जणांपैकी किती पहिल्यांदाच पायरी चढले आणि किती नेहमीचेच होते, हे दुकानदाराने त्यांची नावे पाहून ठरवावे. नेहमीचेच असतील तर सवलत वाया गेली. नवे असतील तर त्यांच्या पुढच्या खरेदीवर सूट द्यावी लागणार नाही. ज्या दुकानाचा माल तरुण मुले घेतच नाहीत, त्याने सवलतपत्राच्या भानगडीत न पडता सीमारेषेवरचा दीड हजारांचा फलक घ्यावा. घाऊक व्यापाऱ्याने मुलांचे कौतुक म्हणून काही द्यायचे असेल तर ते सरळ वर्गणी म्हणून द्यावे आणि घरखर्चात टाकावे. वर्गणी ही वाईट गोष्ट नाही. तिने प्रायोजकत्वाचा मुखवटा घालू नये, एवढेच.

भांड्यांच्या दुकानात मुले शुक्रवारी परत गेली. काकांनी पत्र दोनदा वाचले. मुख्य प्रायोजक होण्याची त्यांची ऐपत होती, पण त्यांनी मागितला शेवटचा रविवार. पुतण्याने कारण विचारले. काका म्हणाले, "अंतिम सामन्याला घरातल्या बायका येतात. भांडी त्या घेतात." मुख्य प्रायोजक कापडाचे दुकान झाले. पंधरा डिसेंबरला सीमारेषेचे तीन फलक उरले होते. समितीने ते कमी किमतीत न विकता बक्षिसांची रक्कम साडेचार हजारांनी उतरवली, आणि तसे सर्व प्रायोजकांना कळवले.

स्पर्धा संपली. नवव्या दिवशी दोन मुले पुन्हा बाजारपेठेत फिरली. या वेळी त्यांच्या हातात पावतीपुस्तक नव्हते. प्रत्येक प्रायोजकाला एक पाकीट मिळाले: एका पानाचा जमाखर्च, फलकाची दोन छायाचित्रे, आणि एका चुकीची कबुली. दुसऱ्या शनिवारी ध्वनिक्षेपक तासभर बंद पडल्यामुळे औषधांच्या दुकानाच्या दोन घोषणा राहून गेल्या होत्या. त्याबद्दल त्या दुकानाचे पाचशे रुपये पाकिटातच परत ठेवले होते.

औषधांच्या दुकानदाराने ते पाचशे गल्ल्यात टाकले, पाकीट फायलीला लावले आणि विचारले, "पुढच्या वर्षी शनिवार घेऊ की रविवार?"